एक ‘खट्’ कमी: दुचाकीस्वारांसाठी साठ सेकंदांची मराठी-हिंदी फिल्म कशी लिहावी

चाकणच्या एमआयडीसीत पाळी सुटायच्या वेळी कुठल्याही कारखान्याच्या गेटबाहेर दहा मिनिटं उभं राहून बघा. हेल्मेट जवळपास प्रत्येकाच्या डोक्यावर असतं, कारण त्याशिवाय गेटवर सोडत नाहीत. आता नजर हनुवटीखाली न्या. बऱ्याच जणांचे पट्टे दोन्ही बाजूंना लोंबत असतात. गेटच्या नियमाचं पालन झालेलं असतं, पण डोक्याचं संरक्षण झालेलं नसतं.

अशाच एका कारखान्यासाठी मी एक फिल्म लिहिली. तिथे निम्मे कामगार मराठी बोलणारे आणि उरलेले बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारकडचे, म्हणून फिल्म दोन्ही भाषांत हवी होती. त्या कामात संहिता, चित्रफलक म्हणजे स्टोरीबोर्ड, आणि निवेदन एकमेकांशी कसं जुळवलं आणि कुठे फसलो, ते इथे क्रमाने सांगतो. उदाहरण म्हणून तीच फिल्म घेतली आहे.

आधी एकच चूक निवडा

मागणी अशी आली होती: वेग, मोबाईल, सिग्नल, मद्यपान, हेल्मेट, ट्रिपल सीट, सगळं यात घ्या. लांबी साठ सेकंद. अशा यादीवर फिल्म लिहिली की तिचा सूचनाफलक होतो, आणि सूचनाफलक गेटवर आधीपासूनच लावलेला असतो. म्हणून मी उलट प्रश्न विचारला: या गेटवर रोज होणारी, डोळ्यांना दिसणारी आणि त्याच जागी दोन सेकंदांत सुधारता येणारी चूक कोणती? उत्तर होतं, न लावलेला पट्टा.

त्यामागचं कायद्याचं बळही समजून घ्या, कारण मंजुरीच्या बैठकीत ते लागतं. मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम १२९ फक्त हेल्मेट घालायला सांगत नाही, तर ते पट्ट्याने डोक्याला घट्ट बांधलेलं असावं असंही सांगतं. हा नियम चालवणाऱ्याला आणि चार वर्षांवरील मागे बसणाऱ्यालाही लागू आहे. तो मोडल्यास कलम १९४ड नुसार एक हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स अपात्र. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण रस्ते अपघातांत गेले, त्यातले १४,३३७ मागे बसलेले होते. हा दुसरा आकडा मला महत्त्वाचा वाटला. त्यामुळेच फिल्ममध्ये मागे बसणारा माणूस घेतला, आणि शहाणपण त्याच्याकडे ठेवलं.

पण दंड आणि आकडे निवेदनात घेतले नाहीत. दंडाची भीती दाखवली की माणूस पोलिसासाठी हेल्मेट घालतो, आणि पट्टा लोंबत ठेवण्याचं मूळ नेमकं तिथेच आहे. आकडा तर वर्षभरात शिळा होतो आणि आवाजात गेला की फिल्म पुन्हा ध्वनिमुद्रित करावी लागते. द्यायचाच असेल तर शेवटच्या पाटीवर द्या, ती बदलायला दहा मिनिटं लागतात.

गोष्ट एका ओळीत

संहितेला हात घालण्याआधी गोष्ट एका वाक्यात सांगता आली पाहिजे. आमचं वाक्य असं होतं: दिवसभर प्रत्येक कडी, कुलूप आणि दरवाजा ‘खट्’ आवाज करून लावणारा माणूस, संध्याकाळी फक्त हेल्मेटचा पट्टा लावत नाही.

यात अपघात नाही, हे लक्षात घ्या. पहिल्या मसुद्यात होता: ट्रक, ब्रेकचा आवाज, काळा पडदा, रस्त्यावर गडगडणारं हेल्मेट. तो काढून टाकला. एक म्हणजे ट्रक आला की बघणारा ट्रकवाल्याला दोष देतो आणि पट्टा विसरतो. दुसरं म्हणजे अपघात दाखवला की ‘माझ्या बाबतीत असं होणार नाही’ म्हणायला त्याला वाव मिळतो. त्याऐवजी आम्ही हे केलं: गाडी अजून पार्किंगमध्येच उभी आहे. त्याच्या हातून किल्ली पडते, तो वाकतो, आणि हेल्मेट डोक्यावरून घसरून खाली पडतं. बास. ताशी चाळीसच्या वेगाला गाडी एका सेकंदात साधारण अकरा मीटर पुढे जाते, वगैरे गणित बघणाऱ्याला सांगावं लागत नाही. नुसतं वाकल्यावर जे डोक्यावर राहिलं नाही त्याचं वेगात काय होईल, हे त्याला कळतं.

इथे एक अडचण आली. नेमक्या मापाचं नवं हेल्मेट पट्टा न लावताही नुसतं वाकल्याने पडत नाही. आम्ही करून पाहिलं, तीन वेळा वाकूनही ते घट्ट बसून राहिलं. मग ते पडताना दाखवणं ही लबाडी झाली असती, आणि फिल्म पाहिलेला माणूस त्याच संध्याकाळी पार्किंगमध्ये वाकून बघतोच. म्हणून आम्ही आतलं अस्तर दबलेलं, एक माप मोठं, चेहरा उघडा ठेवणारं हेल्मेट घेतलं. कामगारांच्या डोक्यावर तशीच जास्त दिसतात. आयएसआय खूण मात्र स्पष्ट दिसेल असंच निवडलं. नाहीतर प्रेक्षक म्हणणार, हेल्मेटच फुटपाथवरचं होतं.

कागद कसा आखावा

कागद आडवा धरून पाच रकाने करा: वेळ, चित्र, आवाज, मराठी, हिंदी. बरेच जण आवाजाला स्वतंत्र रकाना देत नाहीत, निवेदनाखाली कंसात ‘गाडीचा आवाज’ लिहून मोकळे होतात. दोन भाषांच्या फिल्ममध्ये आवाजाचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, कारण तो दोन्हीकडे एकच असतो. हेल्मेटच्या पट्ट्याचा ‘खट्’ कुठल्याच भाषेतला नाही. गोष्टीचा जितका भार तुम्ही आवाजावर आणि चित्रावर टाकाल, तितकं भाषांतराचं ओझं कमी होतं.

मराठी मजकूर आधी लिहून मग हिंदीत उतरवू नका. दोन्ही रकाने एकाच बैठकीत, एका वेळी एकच दृश्य घेऊन भरा. माझं हिंदी बरं आहे, तरी शेजारी गोरखपूरकडचा एक सुपरवायझर बसवला होता. त्याने पहिल्या अर्ध्या तासातच माझे चार शब्द खोडले, त्यातला ‘पट्टा’ पहिला. हिंदीत पट्टा म्हटलं की त्याला कुत्र्याच्या गळ्यातला किंवा जमिनीच्या कराराचा आठवला. पट्टी म्हटलं तर जखमेची. ‘हम लोग स्ट्रैप बोलते हैं,’ म्हणाला. विषय संपला.

असे फसवे शब्द आणखीही आहेत. मराठीतली शिक्षा हिंदीत शिक्षण होते. मराठीतलं ‘खाली’ हिंदीत ‘रिकामं’. मराठीत नुसतं ‘गाडी’ म्हटलं तरी दुचाकी डोळ्यांपुढे येते, हिंदी प्रेक्षकाला कार दिसू शकते. आमच्या चित्रात मोटरसायकल समोरच होती म्हणून ‘गाड़ी’ चाललं, नाहीतर ‘बाइक’च म्हणावं लागलं असतं.

निवेदन शब्दांत मोजू नका, ठोक्यांत मोजा

नवे लेखक इथेच अडकतात. ‘मिनिटाला इतके शब्द’ हा हिशोब दोन भाषांना एकच लावता येत नाही. मराठी प्रत्यय शब्दाला चिकटवून लिहिते, हिंदी तेच सुटे लिहिते. ‘रस्त्यावरच्या खड्ड्यांमुळे’ हे मराठीत दोन शब्द. हिंदीत ‘सड़क के गड्ढों की वजह से’ हे सहा. शब्द मोजले तर हिंदी तिप्पट लांब वाटेल आणि तुम्ही उगाच कापाकापी कराल. तोंडाने म्हणत टेबलावर बोट आपटा: रस्-त्या-वर-च्या खड्-ड्यां-मु-ळे, आठ ठोके. स-ड़क के गड्-ढों की व-जह से, नऊ. फरक एकाच ठोक्याचा.

शांतपणे वाचलेल्या निवेदनात सेकंदाला चार ते पाच ठोके बसतात. सहा सेकंदांच्या दृश्यात सत्तावीस-अठ्ठावीस ठोके मावतील, पण मी दहा-बाराच्या वर जात नाही. उरलेली जागा आवाजाची. या फिल्ममध्ये तर ‘खट्’ ऐकू आलाच पाहिजे, म्हणून ओळ आधी संपते आणि मग कडी लागते. निवेदक कडीवर बोलला तर सगळं मातीत.

प्रत्यक्ष संहिता, दृश्यानुसार

दृश्य १, ० ते ६ सेकंद. स्वयंपाकघराचा ओटा, अगदी जवळून. पुरुषाचे हात डबा बंद करतात. आवाज: चौथ्या सेकंदाला खट्.
मराठी: भाजी सांडू नये म्हणून कडी.
हिंदी: सब्ज़ी न गिरे, इसलिए क्लिप।

दृश्य २, ६ ते १२ सेकंद. दाराबाहेर, तेच हात कुलूप दाबतात. आवाज: खट्.
मराठी: चोर शिरू नये म्हणून कुलूप.
हिंदी: चोर न आए, इसलिए ताला।

दृश्य ३, १२ ते १९ सेकंद. कारखाना, मशीनचा सुरक्षा दरवाजा सरकून बंद होतो, मगच हिरवा दिवा लागतो. आवाज: खट्, मागे मशीनची घरघर.
मराठी: बोट सापडू नये म्हणून दरवाजा.
हिंदी: उँगली न फँसे, इसलिए दरवाज़ा।

दृश्य ४, १९ ते २६ सेकंद. पार्किंग, संध्याकाळ. समोरून, छातीपासून वर. तो हेल्मेट डोक्यावर चढवतो. पट्ट्याची दोन टोकं गालांजवळ लोंबतात. आवाज: मशीनची घरघर तुटते, तीन सेकंद पूर्ण शांतता.
मराठी: आणि हा पट्टा?
हिंदी: और ये स्ट्रैप?

दृश्य ५, २६ ते ३२ सेकंद. कॅमेरा दोघांच्या पाठीमागे. मागे बसणाऱ्याचं हेल्मेट नीट बांधलेलं. तो पुढच्याच्या खांद्यावर टिचकी मारतो आणि लोंबणाऱ्या टोकाकडे बोट दाखवतो.
मराठी, पुढचा: अरे, इथंच तर जायचंय!
हिंदी, पुढचा: अरे, यहीं तो जाना है!

दृश्य ६, ३२ ते ४० सेकंद. बाजूने, पूर्ण गाडी, स्टँडवर. किल्ली पडते. तो वाकतो, हेल्मेट घसरतं. आवाज: किल्लीचा किणकिणाट, मग काँक्रीटवर हेल्मेटचा ठण्. निवेदन नाही.

दृश्य ७, ४० ते ४७ सेकंद. कॅमेरा जमिनीलगत. हेल्मेट गोल फिरत फिरत थांबतं. मागे दोघांचे बूट, स्तब्ध.
मराठी: गाडी अजून सुरूही झाली नव्हती.
हिंदी: गाड़ी तो अभी चली भी नहीं।

दृश्य ८, ४७ ते ५४ सेकंद. हनुवटीखालून जवळून. पट्टा जुळतो, पट्टा आणि हनुवटीमध्ये दोन बोटं सरकवून ताण पाहिला जातो. आवाज: खट्, सर्वांत मोठा.

दृश्य ९, ५४ ते ६० सेकंद. काळी पाटी, पांढरी अक्षरं.
मराठी: पट्टा लावा. मागे बसणाऱ्यांनीही.
हिंदी: स्ट्रैप लगाइए। पीछे बैठने वाले भी।

सगळं निवेदन मिळून पाच ओळी, पंचेचाळीसच्या आसपास ठोके, म्हणजे दहा सेकंद. उरलेली पन्नास सेकंदं चित्राची आणि आवाजाची. मंजुरी देणाऱ्यांना हे कमी वाटतं, ‘अजून थोडं समजावून सांगा’ असा आग्रह होतो. मी कागदावर वाद घालत नाही, पुढे येणारा कच्चा जोड दाखवतो.

शेवटचा शब्द कुठे पडतो

सातव्या दृश्यावर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला. दोन्ही भाषांत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे मराठी-हिंदी जोडीला वाक्याचा भार सहसा एकाच जागी पडतो आणि कट जुळतात. नकार मात्र याला अपवाद आहे. मराठीत ‘झाली नव्हती’, नकार अगदी शेवटी. हिंदीत साध्या बोलण्यात ‘नहीं हुई थी’, नकार आधी आणि मागे दोन शब्दांची शेपटी.

हेल्मेट थांबतं तो क्षण आणि ‘नव्हती’ हा शब्द एकत्र पडावेत अशी रचना होती. मराठीत ते नेमकं बसलं. हिंदीत माझी पहिली ओळ ‘गाड़ी अभी स्टार्ट भी नहीं हुई थी’ अशी होती. अकरा ठोके, मराठीइतकेच, कागदावर सगळं चोख. ऐकताना मात्र ‘नहीं’ आधीच होऊन गेलेलं आणि हेल्मेट ‘हुई थी’वर थांबतंय. अर्थ बरोबर असूनही दृश्य पडलं. ओळ थोडी उशिरा सुरू करून पाहिली, तर शेपटी पुढच्या दृश्यावर चढली. शेवटी सुपरवायझरनेच वाक्य फिरवलं: ‘गाड़ी तो अभी चली भी नहीं।’ दहा ठोके, आणि ‘नहीं’ शेवटी.

म्हणून प्रत्येक दृश्यात कुठल्या शब्दावर चित्र बदलणार आहे त्या शब्दाखाली दोन्ही रकान्यांत रेघ मारा. रेघा समोरासमोर आल्या नाहीत तर भाषांतर कितीही अचूक असो, ओळ बदलायची.

पहिल्या तीन ओळींची गोष्ट उलटी. ‘सांडू नये म्हणून कडी’ आणि ‘न गिरे, इसलिए क्लिप’, दोन्हींत वस्तूचं नाव शेवटी येतं आणि त्यानंतर लगेच त्या वस्तूचा आवाज. हा साचा सापडला तेव्हा यमकाचा मोह सोडून दिला. ‘अति घाई, संकटात नेई’ किंवा ‘सावधानी हटी, दुर्घटना घटी’ यांसारख्या घोषणा आपापल्या भाषेत पाठ झालेल्या आहेत, पण त्यांचं यमक सीमा ओलांडत नाही. एका भाषेत यमक आणि दुसऱ्या भाषेत सपाट गद्य असलं की दुसऱ्या भाषेचा प्रेक्षक ओळखतो की ही फिल्म मुळात आपली नव्हती.

संबोधनाचंही तसंच. मराठीत ‘तुम्ही’ पुरेसा आदर देतं, ‘आपण’ म्हटलं की लगेच सरकारी परिपत्रकाचा वास येतो. हिंदीत ‘तुम’ हा त्या ‘तुम्ही’चा जोड नाही, अनोळखी माणसाला तो उर्मट वाटू शकतो. म्हणून ‘लावा’ला ‘लगाओ’ न घेता ‘लगाइए’ घेतलं.

चित्रफलक

चित्र काढता येत नाही ही सबब चालत नाही. डोकं म्हणून गोल, हेल्मेट म्हणून अर्धगोल, पट्टा म्हणून दोन रेघा, एवढ्यावर काम होतं. एका कागदावर तीन चौकटी, म्हणजे नऊ दृश्यांना तीन कागद. प्रत्येक चौकटीखाली कॅमेरा कुठे आणि किती उंचीवर, हालचालीचा बाण, आणि रेघ मारलेला शब्द. लांबलचक वर्णन नको.

चौकटी काढताना चौथ्या दृश्यात एक पेच कळला. चेहरा पूर्ण झाकणारं हेल्मेट घेतलं तर ओठ दिसत नाहीत आणि दुसऱ्या भाषेचा संवाद सहज बसतो, पण पट्टा हेल्मेटच्या हनुवटीच्या भागाआड लपतो. उघड्या चेहऱ्याच्या हेल्मेटमध्ये पट्टा छान दिसतो आणि ओठही. पट्टा हाच नायक, म्हणून दुसरा पर्याय घेतला, आणि एकुलता एक संवाद पाठीमागून चित्रित केला. एकदाच चित्रीकरण करून दोन भाषा काढायच्या असतील तर हा नियमच धरा: बोलणारा तोंड फिरवून, पाठमोरा किंवा चौकटीबाहेर.

पट्ट्याचा प्रकारही आधी ठरवा. खाचेत सरकवून लावायचं बकल ‘खट्’ आवाज करतं. दोन कड्यांतून ओवायचा पट्टा कितीही चांगला असला तरी आवाज करत नाही. ही बाब चित्रीकरणाच्या सकाळी लक्षात आली तर फिल्मच संपली.

फिल्म गेटच्या टीव्हीवर आडवी आणि व्हॉट्सॲपवर उभी जाणार होती, म्हणून प्रत्येक चौकटीत मधल्या एक तृतीयांश भागाच्या सीमा पेन्सिलने आखल्या आणि हात, पट्टा, हेल्मेट त्या भागातच ठेवले. सहावं दृश्य तेवढं जमेना, कारण तिथे पूर्ण गाडी हवी. उभ्या आवृत्तीत गाडीचं चाक कापलं गेलं. ते चालवून घेतलं.

चित्रात कुठेही वाचता येईल असा मजकूर येऊ देऊ नका. मराठी पाटी हिंदी आवृत्तीत खटकते आणि उलटही. गाडीला दोन्ही आरसे, पायात बूट, नंबरप्लेट नियमाप्रमाणे. प्रेक्षकांतले निम्मे लोक रोज गाडी चालवतात आणि आरसा नसलेली गाडी दिसली की फिल्मभर तेवढंच बोलतात. आणि पट्टा उघडा ठेवून कोणालाही खरोखर गाडी चालवायला लावू नका, अगदी कारखान्याच्या आवारातसुद्धा. आमच्या गोष्टीत गाडी शेवटपर्यंत स्टँडवरच आहे, हा तिचा मोठा फायदा.

कच्चा जोड आणि त्यातली फजिती

चित्रीकरणाआधी चौकटींचे मोबाईलने फोटो काढा, ठरलेल्या सेकंदांनुसार जोडा आणि स्वतःच्या आवाजात दोन्ही निवेदनं टाका. ‘खट्’साठी घरातला डबा पुरतो. हे एका दुपारचं काम आहे. नकाराचा घोळ आम्हाला इथेच ऐकू आला होता.

मग हा जोड आवाज बंद करून चार-पाच कामगारांना दाखवा आणि एकच प्रश्न विचारा: ‘यात काय चुकलं?’ ‘कळलं का?’ असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. आमच्याकडे दोघे म्हणाले, ‘किल्ली पाडली.’ सहाव्या दृश्यात किल्ली मोठी आणि पट्टा लहान काढला होता. त्यावर उपाय म्हणून किल्ली पडताना फक्त ऐकू येते आणि कॅमेरा लोंबणाऱ्या टोकांवरच राहतो, असं केलं.

आवाज बंद ठेवून दाखवण्याचं दुसरंही कारण होतं. गेटवर पाळी बदलताना इतका गोंगाट असतो की टीव्हीचा आवाज ऐकूच येत नाही. आणि मी सगळी फिल्म आवाजावर बांधून बसलो होतो! हे मला पहिल्या दिवशी कळायला हवं होतं. मग गेटच्या आवृत्तीत प्रत्येक कडी लागताना पडद्यावर मोठ्या अक्षरांत ‘खट्’ उमटवलं, आणि चौथ्या दृश्यात ती जागा रिकामी ठेवली. हिंदीत हलन्त काढून ‘खट’. माझ्या मूळ कागदावर ‘टक्’ होतं. कडीसाठी ‘खट’ दोन्ही भाषांत सहज चालतं म्हणून ते घेतलं. निवेदनही खाली अक्षरांत दिलं, एका वेळी एकच ओळ, आणि आवाज संपल्यावर एक सेकंद जास्त.

पाट्या लिहिताना लिपी एकच असल्याचा भ्रम होतो. मराठीत ‘हेल्मेट’, हिंदीत ‘हेलमेट’. मराठीत पूर्णविराम, हिंदीत दंड. ‘गाड़ी’, ‘उँगली’, ‘दरवाज़ा’ यांतले नुक्ते आणि चंद्रबिंदू टंकलेखनात हमखास गळतात. शिवाय मराठी ल आणि श यांचं वळण हिंदीहून वेगळं असतं. फाँटमध्ये मराठी रूपं आहेत का ते आधी बघा, नाहीतर मराठी पाटी परगावाहून आल्यासारखी दिसते.

ध्वनिमुद्रण

दोन्ही भाषांसाठी एकच निवेदक मिळाला तर आनंद आहे, पण हट्ट नको. मराठी वळणाची हिंदी किंवा हिंदी वळणाची मराठी, दोन्ही लगेच ओळखू येतात. आम्ही दोन आवाज घेतले, दोघेही चाळिशीतले. निवेदकाला कागद देण्याऐवजी कच्चा जोड दाखवत वाचायला लावा, आणि प्रत्येक ओळ तीनदा घ्या: ठरल्या वेगात, थोडी सावकाश, आणि शेवटच्या शब्दाआधी किंचित थांबून. आमच्या ‘आणि हा पट्टा?’साठी तिसरा प्रकार वापरला. ‘खट्’ मात्र खऱ्या हेल्मेटचाच, शांत खोलीत, माईकपासून वीतभर अंतरावर मुद्रित केला. दोन्ही आवृत्त्यांत तोच आवाज, त्याच सेकंदाला.

फिल्म लागली, आता मोजा

फिल्म सुरू होण्याआधी एक आठवडा, रोज एकाच पाळीच्या सुटीला, गेटपासून पन्नास पावलं पुढे उभं राहून मोजा: किती हेल्मेट, त्यातले किती पट्टे लावलेले. मागे बसणारे वेगळे मोजा. फिल्म लागल्यावर तिसऱ्या आठवड्यात पुन्हा तसंच. पहिल्या आठवड्यात मोजू नका, तेव्हा नवलाई असते. आणि गेटवर मोजू नका, कारण सुरक्षारक्षक दिसला की हात आपोआप हनुवटीकडे जातो. पन्नास पावलांवर तो परत खाली आलेला असतो.